२८ अंशांचं पाणी आणि ५० मिलीची ब्युरेट

आमच्या पुण्याच्या तपासणी प्रयोगशाळेत दोन ब्युरेट शेजारी शेजारी लावलेल्या असतात. दोन्ही ५० मिलीच्या, दोन्ही क्लास ए. एप्रिलमध्ये लक्षात आलं, की एकाच बाटलीतलं हायड्रोक्लोरिक ॲसिड एकाच पिपेटनं २५ मिली घेऊन सोडियम हायड्रॉक्साइडशी टायट्रेट केलं, तर एका ब्युरेटवर ३०.०२ येतं आणि दुसरीवर २९.९६. माणूस बदलून पाहिला, तरी फरक तेवढाच आणि त्याच दिशेला. चुकून येणारा फरक कधी इकडे पडतो, कधी तिकडे. हा तसा पडत नव्हता.

नियमानं पाहिलं तर यात बिघाड म्हणावा असं काही नव्हतं. क्लास एच्या ५० मिली ब्युरेटला ०.०५ मिलीची सूट असते, कमी किंवा जास्त. म्हणजे दोन निर्दोष ब्युरेट एकमेकींपासून ०.१० मिलीपर्यंत लांब असू शकतात. पण कुठली किती लांब आहे हे कळल्याशिवाय मला स्वस्थता नव्हती. त्यासाठी एकच रस्ता आहे. ब्युरेटमधून पाणी सोडायचं, ते काट्यावर तोलायचं आणि वजनावरून खरं आकारमान काढायचं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलानं एक फरक आधीच हेरला होता. "मॅडम, हिच्यावर २७ अंश छापलंय आणि तिच्यावर २०. त्यामुळेच येत असेल का हा फरक?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडच्या मानकांत काचसामानासाठी २७ अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरलं जातं, कारण इथल्या प्रयोगशाळा वर्षातले बरेच महिने त्याच्या आसपास असतात. बाहेरून येणारं काचसामान बहुधा २० अंशांचं असतं. हा आकडा सांगतो, की काच या तापमानाला असताना रेघा बरोबर आहेत. काच तापली की नळी किंचित रुंदावते आणि त्याच रेघेपर्यंत थोडं जास्त पाणी मावतं. पण किंचित म्हणजे किती? बोरोसिलिकेट काचेचं आकारमान दर अंशाला लाखात एक भाग एवढंच वाढतं. सात अंशांच्या फरकानं ५० मिलीमागे बदल होतो ०.००३५ मिली. ब्युरेट डोळ्यांनी वाचताना ०.०१ मिली सांभाळणं हीच कसोटी असते, तेव्हा हा बदल दिसणारसुद्धा नाही. साध्या सोडा काचेची नळी असती तर तो जवळपास पावणेतीन पट झाला असता, तरीही ०.०१ च्या आतच. आमचा ०.०६ चा फरक छापलेल्या तापमानामुळे नक्कीच नव्हता.

त्याच वेळी मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, कारण इथेच गल्लत होते. पाहण्यात आलेल्या एका जुन्या अहवालात कुणीतरी ब्युरेटवर २० लिहिलंय म्हणून पाण्याची घनताही २० अंशांची घेतली होती. पाणी मात्र २८ अंशांचं होतं. पाणी काचेसारखं वागत नाही. २० अंशांना एक मिली पाण्याचं वस्तुमान ०.९९८२ ग्रॅम असतं, २८ अंशांना ०.९९६२. हा फरक ५० मिलीवर ०.१० मिली होतो, म्हणजे मिळणाऱ्या सुटीच्या दुप्पट. छापलेलं तापमान फक्त काचेच्या हिशोबात घ्यायचं आणि घनता घ्यायची ती प्रत्यक्ष पाण्याच्या तापमानाची. हे दोन आकडे वेगळे ठेवले की तापमानाची दुरुस्ती सोपी होते.

आता प्रत्यक्ष काम. आमची काट्याची खोली वातानुकूलित आहे, साधारण २४ अंशांची, आणि टायट्रेशनचं टेबल बाहेर, एप्रिलमध्ये २८ च्या वर. बाहेर पाणी सोडून फ्लास्क आत काट्यावर आणला असता, तर तो खोलीपेक्षा गरम असता. गरम फ्लास्कभोवतीची हवा वर चढते, पलड्याला हलकेच उचलते आणि वजन खऱ्यापेक्षा कमी दिसतं. हे ओळखायला सोपं आहे. आकडा एका जागी ठरत नाही, फ्लास्क निवेल तसा एकाच दिशेनं सरकत राहतो. ते टाळायला आम्ही ब्युरेटचा स्टँडच काट्याच्या खोलीत नेला आणि आदल्या संध्याकाळपासून एसी बंद ठेवला. डिस्टिल्ड वॉटरची मोठी बाटली, ब्युरेट, रिकामे फ्लास्क, सगळं रात्रभर तिथेच. सकाळी बाटलीतलं पाणी २८.० अंश होतं. ब्युरेटच्या टोकातून थोडं पाणी बीकरमध्ये घेऊन त्यातही थर्मामीटर धरला, तिथेही २८.०. हे दोन आकडे जुळेपर्यंत सुरुवात करायची नाही, हा आमच्या निवृत्त झालेल्या सरांचा नियम. तो मी आजही पाळते.

थर्मामीटर कॅलिब्रेट केलेला आणि ०.१ अंशापर्यंत वाचता येणारा घेतला. तापमानात एका अंशाची चूक झाली तर २८ अंशांच्या आसपास निकाल ०.०३ टक्क्यांनी सरकतो, ५० मिलीवर सुमारे ०.०१५ मिली. थंड देशात २० अंशांवर हेच काम करणाऱ्याला तीच चूक थोडी स्वस्तात पडते, कारण पाणी जितकं कोमट तितकी त्याची घनता अंशागणिक जास्त झपाट्यानं उतरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थर्मामीटरवर जास्त लक्ष हवं ते यासाठी.

त्याआधी पहिली, २७ अंशांची ब्युरेट धुणं. यात घाई करण्यात अर्थ नाही. डिटर्जंटच्या कोमट द्रावणानं भरून ठेवली, नळाच्या पाण्यानं खूप वेळा खळबळली, मग डिस्टिल्ड वॉटर. स्वच्छ काचेवरून पाणी अखंड पातळ पापुद्र्यासारखं उतरतं. कुठे चिकटपणा राहिला असेल, तर तिथे थेंब अडकून बसतात. प्रत्येक अडकलेला थेंब म्हणजे रेघेनुसार बाहेर आलेलं पण फ्लास्कमध्ये न पोचलेलं पाणी. पहिल्या धुण्यानंतर वरच्या भागात थेंब दिसले, म्हणून पुन्हा धुतली. मग शून्यापर्यंत भरून, टोक पुसून वीस मिनिटं तशीच उभी ठेवली. पातळी हलली नाही, टोकाला थेंब आला नाही, स्टॉपकॉकच्या बाजूनं ओल आली नाही. गळती नाही हे वजन करण्याआधीच कळलेलं बरं, कारण नंतर आकड्यांतून ती शोधणं कठीण जातं.

स्टॉपकॉकखालच्या टोकात हवेचा बुडबुडा आहे का, हेही पाहिलं. तो तोटी पूर्ण उघडून जोरात पाणी सोडलं की निघतो. राहिला आणि मधेच निसटला, तर त्याची जागा ब्युरेटमधलं पाणी भरून काढतं. पातळी उतरते, फ्लास्कमध्ये मात्र तेवढं पाणी पडत नाही.

मग वजनं. झाकण असलेला १०० मिलीचा कॉनिकल फ्लास्क, बाहेरून कोरडा. आतून तो कोरडा असण्याची गरज नाही, कारण आधी झाकणासकट वजन घ्यायचं आणि मग फरक काढायचा. पण बाहेरून बोटांचा घाम लागला तर तो थेट निकालात येतो. म्हणून कागदाच्या पट्टीनं धरून ठेवायचा. पुण्याची एप्रिलमधली हवा कोरडी असते. झाकण काढून फ्लास्क काट्यावर ठेवला, तर शेवटचे आकडे डोळ्यांदेखत उतरत जातात. ५० मिलीच्या कामात एखादा मिलिग्रॅम उडाल्यानं काही बिघडत नाही. एक मिलीच्या पिपेटला मात्र तोच एक मिलिग्रॅम ०.१ टक्का होतो. झाकणाची सवय सगळीकडे सारखीच लावलेली चांगली.

ब्युरेट प्रत्येक वेळी नव्यानं शून्यापर्यंत भरली आणि शून्यापासून १०, शून्यापासून २०, असं ५० पर्यंत गेलो. काही जण भरलेली ब्युरेट दहा-दहाच्या टप्प्यांनी रिकामी करत जातात. त्यात वेळ वाचतो, पण शून्याच्या वाचनात झालेली एकच चूक पुढच्या सगळ्या बेरजांत शिरते. शिवाय आम्ही टायट्रेशन नेहमी शून्यापासूनच सुरू करतो, मग तपासणीही तशीच व्हायला हवी. तोटी उघडण्याचा वेग टायट्रेशनइतकाच ठेवला. रेघेच्या थोडं वर थांबून तीस सेकंद जाऊ दिले, म्हणजे भिंतीवरचा पापुद्रा खाली येतो. मग रेघेपर्यंत उतरून टोक फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवलं. टोकाला लटकणारा एक थेंब सुमारे ०.०५ मिलीचा असतो. ब्युरेटला मिळणारी सगळी सूट तेवढीच आहे, तेव्हा हा थेंब कधी आत घेतला आणि कधी बाहेर सोडला तर मोजलेल्या सगळ्यावर पाणी पडतं.

मेनिस्कसच्या मागे अर्धं काळं केलेलं कार्ड धरलं. काळ्याची कड मेनिस्कसच्या जरा खाली ठेवली की तळ ठळक दिसतो. आधी मी वाचून मनात ठेवायचे, मग तो वाचायचा आणि त्यानंतर दोघं बोलायचो. काट्याला ०.१ मिलिग्रॅम दिसतो, डोळ्याला ०.०१ मिली म्हणजे १० मिलिग्रॅम. या कामातला कच्चा दुवा डोळा आहे, म्हणून सगळा वेळ त्यावर खर्च करावा असं माझं मत आहे. पातळी नेमकी रेघेवर आली नाही तरी हरकत नाही, जे दिसलं ते लिहायचं.

हिशोबाचं सूत्र असं:

```
V27 = m × [1 / (ρw − ρa)] × (1 − ρa/ρb) × [1 − γ(t − 27)]
```

`m` म्हणजे काट्यावरच्या दोन आकड्यांतला फरक, `ρw` पाण्याची घनता, `ρa` हवेची, `ρb` काटा ज्या वजनांवर बसवलाय त्यांची म्हणजे ८.० ग्रॅम प्रति मिली, `γ` काचेचं प्रसरण आणि `t` पाण्याचं तापमान.

हवेची घनता कशाला, असं त्या मुलानं विचारलंच. पाण्यानं जेवढी जागा अडवली, तेवढ्या जागेतली हवा त्याला वर ढकलते. काट्याची पोलादी वजनं त्याच वस्तुमानाला पाण्याच्या आठव्या हिश्श्याएवढी जागा घेतात, म्हणून त्यांच्यावर हा परिणाम कमी होतो. त्यामुळे पाणी खऱ्यापेक्षा सुमारे ०.१ टक्का हलकं तोललं जातं. ५० मिलीवर हे जवळपास ०.०५ मिली होतं, पुन्हा सुटीएवढंच. म्हणजे हवा विसरली, तर चांगली ब्युरेटही नापास होऊ शकते. तयार तक्त्यांत बहुधा समुद्रसपाटीची ०.००१२ ग्रॅम प्रति मिली ही घनता धरलेली असते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. एप्रिलच्या उष्णतेत ती घनता ०.००११ भरते. मी ०.००११ घेतली. मुंबईचा आकडा घेतला असता तरी ५० मिलीवर ०.००५ मिलीपेक्षा कमीच फरक पडला असता, पण खरा आकडा हाताशी असताना तो का वापरू नये?

२८.० अंशांना सगळं मांडलं, की गुणक येतो १.००४७४. पुढे प्रत्येक वजनाला यानं गुणायचं, बस्स. यात कुणाचा वाटा किती, हे एकदा ५० मिलीसाठी उकलून पाहावं. पाण्याच्या घनतेचा जवळपास ०.१९ मिली, हवेच्या उचलण्याचा ०.०५, आणि काचेचा, २८ अंशांवरून २७ वर येण्याचा, ०.०००५. सूत्रात तिन्ही पदं एका ओळीत दिसतात, पण त्यांचं वजन सारखं नाही.

पहिल्या टप्प्यात ब्युरेट १०.०२ दाखवत होती आणि पाणी तोललं गेलं ९.९६०८ ग्रॅम. गुणलं तर १०.००८ मिली. म्हणजे दुरुस्ती उणे ०.०१. वीसला १९.८७६० ग्रॅम, म्हणजे १९.९७ मिली, दुरुस्ती उणे ०.०३. तीसच्या जवळ ब्युरेटवर ३०.०१ होतं, वजन २९.८२२१ ग्रॅम, खरं आकारमान २९.९६ मिली. इथे दुरुस्ती उणे ०.०५ च्या घरात आली. पुन्हा भरून तोच टप्पा केला. ३०.०० ला २९.८०६० ग्रॅम, म्हणजे २९.९५ मिली आणि पुन्हा उणे ०.०५. बाकीचे टप्पेही दोन-दोनदा केले आणि जोड्या ०.०१ च्या आत जुळल्या. जुळल्या नसत्या तर सरासरी काढली नसती. ब्युरेट पुन्हा धुतली असती, कारण न जुळणारी जोडी बहुधा चिकटपणाची किंवा घाईची खूण असते.

चाळीसला ३९.७८३० ग्रॅम, ३९.९७ मिली, दुरुस्ती उणे ०.०३. आणि पन्नासला ४९.७५६३ ग्रॅम, म्हणजे ४९.९९ मिली, दुरुस्ती जेमतेम उणे ०.०१.

हे आकडे आलेखावर मांडले तेव्हा मला खरा आनंद झाला. रेषा शून्यापासून तीसपर्यंत खाली जाते आणि तिथून पन्नासपर्यंत वर येते. कारण काय, ते या आकारातच कळतं. भिंतीवर पाणी चिकटून राहत असतं, तर नळी जितकी जास्त रिकामी होईल तितकी तूट वाढत गेली असती आणि पन्नासला सर्वांत मोठी असती. स्टॉपकॉकच्या बाजूनं गळती असती, तरी तूट वेळेबरोबर वाढतच गेली असती. बुडबुडा निसटला असता, तर फक्त त्या वेळचा आकडा खाली गेला असता आणि दुसऱ्या वेळी तसा आला नसता. तापमान चुकीचं धरलं असतं, तर दुरुस्ती आकारमानाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढली असती. खाली जाऊन परत वर येणारी रेषा यांपैकी कशानंच होत नाही. ती नळीच्या पोकळीमुळे होते. वरच्या तीस मिलीत नळी रेघांच्या मानानं थोडी अरुंद आहे, खालच्या वीस मिलीत थोडी रुंद.

यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. पुष्कळ ठिकाणी वेळ वाचवायला फक्त पूर्ण ५० मिली तोलतात आणि ब्युरेट पास करतात. ही ब्युरेट तशा तपासणीत उत्तम गुणांनी पास झाली असती, ५० मिलीत ०.०१ चीच कसर. आमची टायट्रेशनं मात्र बहुतेक पंचवीस ते पस्तीसच्या मधे संपतात, नेमकी जिथे ती सर्वांत वाईट आहे. तीस मिलीवर ०.०५ म्हणजे ०.१७ टक्का. पाण्याचा कडकपणा मोजताना हे चालून जाईल. प्रमाण द्रावणाची नॉर्मॅलिटी चार आकड्यांत लिहिताना नाही चालत.

दुसरी, २० अंशांची ब्युरेट तशीच तोलली. तिची रेषा जवळपास सपाट निघाली, तीसला अधिक ०.०१. आता सुरुवातीचे आकडे पुन्हा घेतले. ३०.०२ मधून ०.०५ वजा केले, २९.९७. २९.९६ मध्ये ०.०१ मिळवले, २९.९७. त्या मुलानं हिशोब स्वतःच्या वहीत पुन्हा करून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, आता यात माझं काही उरलं नाही."

पहिली ब्युरेट ठेवायची की काढायची, यावर थोडी चर्चा झाली. तीसला ती सुटीच्या अगदी काठावर आहे आणि आमच्या वाचनातच ०.०१ ची अनिश्चितता आहे, तेव्हा ती क्लास एच्या मर्यादेत बसते असं मी छातीठोकपणे लिहू शकत नाही. आम्ही तिचा दुरुस्तीचा तक्ता करून स्टँडला लावला. दोन टप्प्यांमधलं रीडिंग आलं, तर मधला आकडा सरळ रेषेनं काढतो. तक्त्याशिवाय ती वापरायची नाही आणि प्रमाण द्रावणांना दुसरीच घ्यायची, असं ठरलं.

एक बाब मात्र या तक्त्यात येत नाही आणि ती त्याच्याखाली वेगळी लिहून ठेवली आहे. तक्ता ब्युरेटचा आहे, तिच्यातल्या द्रावणाचा नाही. दहाव्या हिश्श्याच्या नॉर्मॅलिटीचं द्रावण जवळपास पाण्याएवढंच फुगतं. एप्रिलमध्ये २८ अंशांना ठरवलेली नॉर्मॅलिटी डिसेंबरच्या सकाळी २० अंशांच्या खोलीत वापरली, तर द्रावण ०.२ टक्क्यांनी आकसलेलं असतं. तीस मिलीमागे ०.०६ मिली, म्हणजे एवढ्या खटपटीनं काढलेल्या दुरुस्तीपेक्षा जास्त. म्हणून आता बाटलीच्या लेबलवर नॉर्मॅलिटी आणि तारखेशेजारी ती कोणत्या तापमानाला ठरवली तेही लिहितो, आणि खोलीचं तापमान त्यापासून चार-पाच अंशांनी सरकलं की द्रावण पुन्हा स्टँडर्डाइज करतो.